जाहिरातीत ‘बी. ई. आवश्यक’, हातात डिप्लोमा

“सर, माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे. चाकणला क्वालिटीत नऊ वर्षं झाली. क्वालिटी इंजिनिअरच्या जाहिरातीत ‘बी. ई. आवश्यक’ म्हटलंय. अर्ज करू की सोडून देऊ?”

आधी ही अट कोणी घातली ते पाहा. सरकारी भरतीत ती सेवाप्रवेश नियमांतून येते. नियमात पदवीच मागितली असेल, तर कितीही वर्षांचा अनुभव ती भरून काढत नाही; परीक्षा पास झालात तरी कागदपत्र पडताळणीत नाव कटतं. तुमची जाहिरात खासगी कंपनीची आहे. तिथे अट कंपनीनेच घातलेली असते, म्हणून ती शिथिलही करू शकते.

मात्र ‘नऊ वर्षांचा अनुभव’ एवढ्यावर कोणी शिथिल करणार नाही. एकच वर्ष नऊदा काढलेलं असू शकतं, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. इंजिनिअरने जो निर्णय घ्यायचा, तो तुम्ही घेतलाय का, एवढंच त्याला बघायचं असतं.

तुमच्या बायोडेटात ‘गेज आर अँड आर केले’ अशी एक ओळ आहे. खोदून विचारल्यावर तुम्ही जे सांगितलंत ते खरं मोलाचं: २५ मि.मी.चा बोअर, टॉलरन्स २१ मायक्रॉन, तीन ऑपरेटर, दहा पार्ट, आणि आर अँड आर, म्हणजे गेज व ऑपरेटरमुळे मोजमापात पडणारा फरक, ३४ टक्के. ३० च्या वर गेलं की मोजमापावर भरवसा ठेवता येत नाही. तुम्ही गेज बदलायला निघाला नाहीत. एक ऑपरेटर मशीनमधून काढलेला गरम पार्ट लगेच मोजत होता, हे तुम्ही हेरलंत. स्टीलचा हा बोअर दहा अंशांनी तापला तरी जवळपास तीन मायक्रॉन वाढतो. पार्ट थंड करून मोजायचा नियम केलात आणि आकडा १२ वर आला. १० ते ३० मध्ये कामानुसार चालवून घेतात. हे सगळं चार ओळींत, बायोडेटात सगळ्यात वर लिहा. ग्राहकाचं किंवा पार्टचं नाव मात्र घालू नका.

आता उणी बाजू. प्रोसेस टॉलरन्समध्ये किती नीट बसते हे सांगणारा सीपीके सॉफ्टवेअर काढून देतं, पण तो कमी का आला हे तुम्हाला मांडता आलं नाही. ड्रॉइंगवरच्या ट्रू पोझिशनलाही अडखळलात. बी. ई. झालेल्याकडून मुलाखतीत नेमकी हीच अपेक्षा असते. तुमच्याच लाइनची २५ रीडिंग घेऊन सीपीके हाताने काढा; सरासरी मध्यापासून सरकलीय की पसारा जास्त आहे, ते समजेपर्यंत पुन्हा करा.

ऑनलाइन फॉर्ममध्ये शिक्षणाच्या रकान्यात ‘डिप्लोमा’च निवडा. चाळणीत अडकू नये म्हणून पदवी निवडणारे असतात. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये ते उघडं पडलं की ऑफर लेटर परत घेतलं जातं. चाळणी अर्ज अडवेल ही शक्यता धरून चालाच, आणि त्याच दिवशी ओळखीतून क्वालिटी हेडपर्यंत बायोडेटा पोचवा. गरम पार्टची गोष्ट एचआरपेक्षा त्यांना लवकर कळेल.