मानधनाचं बिल वेगळं, प्रवासाचं वेगळं

अगं, ग्वाल्हेरच्या व्याख्यानांचं बिल करताना माझी चूक करू नकोस. मानधन 60,000 आणि इंदूरहून येण्याजाण्याचं भाडं 2,840, दोन्ही मी एकाच बिलात लिहिलं. लेखा विभागाने सरळ 62,840 वर दहा टक्के आयकर, म्हणजे 6,284 कापले. भाड्यातलेही 284 गेले!

तू मानधनाचं बिल फक्त 60,000 चं दे; 6,000 कापून 54,000 हातात येतील. भाड्याचा अर्ज वेगळा, मूळ तिकिटं जोडून, तिकिटावर आहे तेवढाच. ठोक प्रवासभत्ता घेतलास तर तोही मानधनातच धरतात.

पॅन आधीच दे, नाहीतर वीस टक्के जातात. कापलेले 6,000 फॉर्म 26AS मध्ये दिसतायत ना, ते विवरणपत्र भरण्याआधी बघ.