गुळव्याची नऊ सेकंदं

प्रिय,

गुऱ्हाळाच्या फिल्मचा तुझा १२ मिनिटांचा कट काल रात्री दोनदा पाहिला. कुठलं काम एआयला द्यायचं आणि कुठलं हातानं करायचं, असं तू विचारलं होतंस. त्याचं उत्तर तुझ्याच कटमध्ये सातव्या मिनिटाला सापडलं.

तिथं गुळव्या उकळत्या काहिलीतला थोडा पाक घेतो, गार पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळवून बघतो आणि मग "उतरवा" म्हणतो. तू आधी पाठवलेल्या कच्च्या फुटेजमध्ये या बघण्याला ९ सेकंदं लागतात. कटमध्ये जेमतेम एक उरलं आहे. बोलण्यातल्या फटी आपोआप कापणारं टूल तू पूर्ण टाइमलाइनवर चालवलंस ना? त्या टूलच्या लेखी माणूस बोलत नाही म्हणजे काही घडत नाही. आणि आपल्या फिल्ममध्ये जे काही घडतं ते त्याच ९ सेकंदांत. पाक कोवळा उतरला तर ढेप नीट बसत नाही, जास्त शिजला तर गूळ काळपट आणि कडक होतो. तो गप्प आहे, कारण अख्ख्या आदणाचा, म्हणजे काहिलीभर पाकाचा, निकाल त्याच्या दोन बोटांत आहे.

टूल कापतं म्हणून मी चिडलेले नाही. मुलाखतीतले "आं, म्हणजे, ते" मीही त्यालाच काढायला देते. पण इथली चूक तुला दिसली नाही, कारण सांध्यावर तू ऊस तोडणीचा शॉट टाकला होतास. काम वाटताना मी एवढंच बघते: टूल चुकलं तर ते मला लगेच कळेल का? कळणार असेल तर खुशाल द्यावं. चूक बरोबर असल्यासारखी दिसणार असेल, तर तिथं स्वतः बसावं.

आता तुझी सबटायटल्स. ३ तासांचं फुटेज हातानं उतरवायला तुझे दोन-तीन दिवस गेले असते, तेव्हा ते टूलला दिलंस हे बरोबर केलंस. "चुलवाण"चं "चुलत" झालं आहे, ते कुणालाही खटकेल आणि दुरुस्त होईल. पण "वाफ्यात ओता"चं "वाफेत ओता" झालं आहे, ते मात्र सहज निसटतं. पाक ओततात तो वाफा शहरातल्या माणसाला माहीत नाही, आणि वाफ तर पडद्यावर दिसतेच आहे. वाक्य व्याकरणात बसतं आणि अर्थ बुडतो. म्हणून काहील, आदण, मळी, चिपाड, चुलव्या, वाफा असे वीसेक शब्द कागदावर लिही, ते कुठे कुठे येतात ते मूळ आवाजात शोध आणि तेवढ्या ओळी कान देऊन तपास.

आवाजाचं तसंच. घरघर काढून बोलणं स्वच्छ करणारं फिल्टर घाण्याजवळच्या मुलाखतीला छान बसलं आहे. काहिलीजवळ मात्र त्यानं उकळीही धुऊन टाकली. रस पातळ असताना खळखळतो, पाक घट्ट व्हायला लागला की जड बुडबुडे फुटतात. प्रेक्षकाला तो बदल न सांगता कळायला हवा. काही फिल्टरमध्ये काढून टाकलेला आवाज तेवढाच ऐकायची सोय असते, ती वापर. त्यात बुडबुडे ऐकू आले तर मात्रा जास्त झाली. बोलण्याखाली मूळ ट्रॅक हळू चालू ठेव आणि पाक तपासतानाच्या दृश्यात फक्त मूळच ठेव. एकदा एका संस्थेच्या फिल्ममध्ये हातमागाचा आवाज मीच असा पुसला होता, आणि पहिल्या शोला विणकरानं विचारलं, "माग बंद होता का?" अजून लाज वाटते.

दोन गोष्टी मात्र काढच. रसावरची मळी काढतानाचा शॉट मिळाला नाही म्हणून तू तो एआयनं बनवलास. दिसतो देखणा, पण त्यातला माणूस मळी काढण्याऐवजी रस ढवळतो आहे. शिवाय हा माहितीपट आहे, प्रेक्षक ते खरं गुऱ्हाळ समजणार. दुसरं म्हणजे गुळव्यानं चुकीचा सांगितलेला आकडा तू त्याच्याच नकली आवाजात दुरुस्त केलास. आकडा बरोबर झाला, पण ते वाक्य तो कधी बोललाच नाही, आणि आपण कॅमेऱ्यासमोर बोलायची परवानगी घेतली होती, आवाज बनवायची नाही. यूट्यूब २०२४ पासून असा खराखुरा वाटणारा बनावट मजकूर जाहीर करायला लावतं. पण तशी खूण केली म्हणून गुळव्याची परवानगी मिळत नाही. खाली अक्षरांत बरोबर आकडा दे, नाहीतर त्यालाच पुन्हा विचार.

हंगाम संपायच्या आत पन्हाळ्याच्या वाटेवरच्या त्या गुऱ्हाळात परत जा. मळीचा शॉट घे आणि कुणी बोलत नसताना काहिलीजवळ मिनिटभर नुसता आवाज रेकॉर्ड कर. पहाटेचं आदण असेल तर आदल्या दिवशी कळव, मीही येते.

तुझी,
ताई