मूळव्याध होतीच, पण आव तिची नव्हती

"वय ३४. बद्धकोष्ठता जुनी आहे, मूळव्याधही आहे. हल्ली शौचाच्या वेळी पांढरी चिकट आव पडते. घाबरायचं का? कुठल्या टेस्ट कराव्या लागतील?"

आव पांढरी किंवा पारदर्शक असेल, रक्ताचा मागमूस नसेल आणि पोट मऊ साफ व्हायला लागल्यावर ती कमी होत असेल, तर बहुतेक वेळा घाबरायचं कारण नसतं. पण त्या "बहुतेक वेळा"वर विसंबून आमच्या घरात तीन महिने वाया गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

ह्यांचं वय तेव्हा ४७. धायरीला घर आणि चाकणला शिफ्टची नोकरी. पहाटे कंपनीची बस पकडायची म्हणून संडासची भावना दाबायची सवय लागली ती वर्षानुवर्षांची. मूळव्याधीचा त्रासही जुना, कुंथलं की मोड बाहेर यायचा आणि आपोआप आत जायचा. त्यामुळे पालखी पुण्यात आली त्या आठवड्यात आव दिसायला लागली तेव्हा कोणालाच काही वेगळं वाटलं नाही. मूळव्याधीचे म्हणून जे डॉक्टर आहेत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बाहेरून पाहिलं, मोड दिसला, निदान झालं. मलम, पोट साफ व्हायची पावडर, आणि "नाही थांबलं तर ऑपरेशन".

पावडरीने शौच मऊ झालं. आव मात्र तशीच राहिली. माझ्या डोक्यात पहिली शंका आली ती इथे. कारण आव का पडते ते बघा. गुदाशयाचं आतलं अस्तर मुळातच थोडा चिकट स्राव सोडत असतं, शौच सहज सरकावं म्हणून. खडा होऊन मळ तिथे अडकून बसला की अस्तर घासलं जातं आणि स्राव वाढतो. मूळव्याधीचा मोड बाहेर आला तर त्याच्यावरही तेच अस्तर असतं, म्हणून चड्डी ओलसर होते, खाज सुटते. दोन्हीत कारण गेलं की आव ओसरायला हवी. मऊ शौच होऊन तीन-चार आठवडे झाले, मोडही बाहेर येत नाही, तरी आव आहे, याचा अर्थ अस्तराला दुसरं काहीतरी झालंय.

मग मी ह्यांना खोदून विचारलं. माणसं या विषयावर बायकोशीही बोलत नाहीत. कळलं ते असं, की दिवसातून पाच-सहा वेळा जावंसं वाटायचं, बसलं की मळ नाहीच, नुसती चमचाभर आव, आणि उठल्यावरही पोट साफ झाल्यासारखं वाटायचं नाही. एकदा म्हटलं, पाणी सोडू नका, मला बघू द्या. भाताच्या पेजेसारखा लिबलिबीत गोळा आणि त्यात गुलाबी दोरे विरघळलेले. मूळव्याधीचं रक्त असं नसतं. ते लालभडक, शौचानंतर थेंब-थेंब किंवा मळावर वरून लागलेलं. आवेत मिसळलेलं रक्त म्हणजे थांबायचं नाही.

थोरले दीर तेव्हापासून माझ्याशी या विषयावर वाद घालतात. त्यांचं म्हणणं, "वहिनी, अख्ख्या पुण्याला मूळव्याध आहे. टेस्टा करत बसलात तर डॉक्टरचं पोट भरेल. एकदा लेझर करून टाका." अनंत चतुर्दशीनंतरची तारीखही त्यांनीच घेऊन ठेवली होती. मी ती रद्द करून ह्यांना पोटाच्या विकारांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी बोट घालून तपासलं, मग छोट्या नळीने आत पाहिलं. दोन मिनिटांचं काम, भूल लागत नाही. अस्तर लालबुंद, कापूस लागला तरी रक्त येत होतं. मोड खाली होताच, पण आव त्याच्या वरून येत होती.

मग शौचाची तपासणी झाली, कारण अमिबाचा संसर्गही हुबेहूब असाच दिसतो आणि तो आधी वगळावा लागतो. त्यानंतर मोठी दुर्बीण आणि आतल्या तुकड्याची तपासणी. निदान: अल्सरेटिव्ह प्रॉक्टायटिस. शेवटचं साधारण १२ सेंटीमीटर आतडं सुजलेलं, त्याच्या वर सगळं ठीक. आणि बद्धकोष्ठता? ती खोटी नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, गुदाशय सुजला की तो सारखी कळ काढतो, पण वरच्या भागात मळ साचून राहतो आणि सुकतो. म्हणून लोकांना वाटतं, जुलाब नाहीत तर आतड्याला सूज कशी असेल. असते.

उपचार मेसालामीनची, रात्री झोपताना गुदद्वारातून ठेवायची वडी, एक ग्रॅमची. दोन-तीन आठवड्यांत आव कमी झाली, दीडेक महिन्यात बंद. ऑपरेशन झालंच नाही. सुजलेल्या गुदाशयात मूळव्याधीची शस्त्रक्रिया केली तर जखम भरायला त्रास होतो, म्हणून ती तारीख रद्द केली याचं मला आजही समाधान आहे. भाऊजी अजून म्हणतात, "योगायोग." तो योगायोग नव्हता भाऊजी, बोट घालून तपासल्याशिवाय कोणी मूळव्याध म्हणू नये एवढंच मी तेव्हा म्हणत होते.

आता तुमच्याबद्दल. आधी पोट मऊ करा. रात्री दोन चमचे इसबगोल, पण मोठा पेलाभर पाण्यात आणि लगेच प्यायचं, कमी पाण्यात घेतलं तर उलट घट्ट होतं. कमोडवर बसत असाल तर पायाखाली बुटका पाट घ्या. फोन घेऊन बसू नका. तीन-चार आठवड्यांत आव गेली तर दुर्बिणीची गरज नाही, आणि तिथे भाऊजींचं म्हणणं बरोबर हेही मान्य करते. माझी स्वतःची आव धाकट्याच्या वेळी अशीच गेली होती.

"जुनी आव आहे" म्हणून दर दोन महिन्यांनी मेट्रोनिडाझोल घेणं बंद करा. शौचात अमिबा दिसल्याशिवाय ती गोळी कशासाठी? मळातल्या लपलेल्या रक्ताच्या टेस्टवरही फार भिस्त ठेवू नका, रक्त पडणारी मूळव्याध असेल तर ती तशीही पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यापेक्षा शौचातलं कॅलप्रोटेक्टिन बघायला सांगा. ते ५० च्या आत असेल तर आतड्याला सूज असण्याची शक्यता फार कमी. मात्र अंगदुखीच्या गोळ्या चालू असतील तरी ते वाढतं, तेव्हा डॉक्टरांना तसं सांगा.

तीन-चार आठवडे वाट बघा असं म्हटलं ते प्रत्येकाला लागू नाही. आवेत रक्त, रात्री झोपेतून उठवणारी कळ, ताप, कारण नसताना घटलेलं वजन, रक्तात कमी झालेलं हिमोग्लोबिन, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर, किंवा वय ४५ च्या पुढे आणि शौचाची सवय नव्याने बदललेली, यातलं एक जरी असेल तर इसबगोलचे प्रयोग न करता थेट तपासून घ्या. आणि डॉक्टरांना "पोट साफ होत नाही" एवढंच सांगू नका. दिवसातून किती वेळा बसता आणि त्यातल्या किती वेळा मळ न येता नुसती आव येते, हा आकडा सांगा. आमच्याकडे तो सहापैकी पाच होता, आणि आधीच्या डॉक्टरांनी तो कधी विचारलाच नव्हता.