दोघांच्या दुकानासाठी महिन्याच्या पोस्टचं नियोजन

प्रश्न: परभणीत साड्यांचं छोटं दुकान आहे, मी आणि एक मुलगी एवढेच. सोशल मीडियाचं महिन्याचं कॅलेंडर कसं बसवावं?

उत्तर: महिन्याला आठच पोस्ट धरा. रोजचा हट्ट गर्दीच्या आठवड्यात हमखास मोडतो.

तारखा सणावरून नाही, खरेदीवरून लावा. महालक्ष्म्यांचंच बघा. पोळा झाला की आठवडाभरात त्या येतात, म्हणजे साड्यांची खरेदी पोळ्याच्या आगेमागेच उरकते. सणादिवशी टाकलेल्या शुभेच्छांनी एकही साडी विकली जात नाही. म्हणून पोळ्याच्या दहा दिवस आधी नवा माल दाखवा, चार दिवसांनी महालक्ष्मीच्या जोड साड्या किमतीसकट, आणि पोळ्यानंतर फक्त ‘काय शिल्लक आहे’ एवढंच. उरलेल्या पाच पोस्ट लग्नाचा बस्ता, रोजच्या वापराच्या साड्या अशा बाराही महिने चालणाऱ्या मालाच्या.

फोटो महिन्यातून एकदा, गिऱ्हाईक नसतं त्या सकाळी, दाराजवळच्या उजेडात काढा. ट्यूबलाइटखाली रंग बदलतो, मग ‘फोटोत वेगळी दिसत होती’ म्हणून साडी परत येते. त्याच बैठकीत Meta Business Suite मधून फेसबुक-इन्स्टाच्या पोस्टना तारीख-वेळ लावून टाका. ते मोफत आहे. व्हॉट्सॲप स्टेटस मात्र त्यातून लागत नाही, ते हातानेच ठेवावं लागेल. खरं तर आपल्याकडची निम्मी विचारपूस तिथूनच येते.

एक अडचण येते: पोस्ट लागायच्या आधीच साडी विकली जाते. त्यामुळे एकुलता नग शेड्यूल करू नका, तो स्टेटसला ठेवा.