टूल क्रिबमध्ये नवीन आहात? आधी मोजमापाची साधनं सांभाळा

ड्रिल, टॅप नगावर द्या, पण मोजमापाचं साधन नेहमी त्याच्या स्वतःच्या नंबरावर द्या. रजिस्टरात नुसतं 'मायक्रोमीटर १ नग' लिहिलं, तर परत आलेला तोच आहे की शेजारच्या मशीनवरचा, हे कळायला मार्गच उरत नाही. नवख्यांची पहिली चूक हीच.

दुसरी चूक म्हणजे कॅलिब्रेशनची तारीख फक्त देण्याच्या दिवसाशी ताडणं. ती परतीच्या तारखेशी ताडा. समजा, मायक्रोमीटर एम-१४ ची मुदत २० तारखेला संपते. १८ ला ऑपरेटर पाच दिवसांसाठी मागतो. आज साधन वैध आहे, पण २१ आणि २२ ला ते मुदतबाह्य असेल आणि तरी त्यावर माप घेतलं जाईल. म्हणून दुसरा नग द्या आणि एम-१४ आजच कॅलिब्रेशनला काढून ठेवा.

परत घेताना घाई करू नका. ०-२५ चा मायक्रोमीटर असेल तर तोंडं पुसा, रॅचेटने बंद करून शून्य बघा, मग एका स्लिप गेजवर माप घ्या. शून्य हललं असेल किंवा 'पडला होता' असं कुणी सांगितलं, तर लाल टॅग लावून वेगळ्या कप्प्यात ठेवा. गुपचूप शून्य जुळवून रॅकवर ठेवू नका, कारण त्याने आधी मोजलेले जॉब क्वालिटीवाल्यांना पुन्हा तपासावे लागतील. सांगणाऱ्यावर रागावूही नका, नाहीतर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही.

नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर नंतर बघू.