विभागणी नव्हे, वजाबाकी

प्रश्न : वागळे इस्टेटमधल्या एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप करतो. परिवर्तनीय कर्जरोख्यातून आलेल्या पैशाची आपण कर्ज आणि इक्विटी अशी विभागणी करतो. त्यातल्या दुसऱ्या भागाला मराठीत ‘समभाग’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. समभाग अजून निघालेलेच नाहीत, निघाला आहे तो फक्त रोख्याच्या बदल्यात पुढे समभाग मागण्याचा हक्क. ‘इक्विटी घटक’ म्हणा. ताळेबंदातही तो ‘इतर इक्विटी’खाली येतो, भागभांडवलात नाही.

मला खटकतो तो तुमचा ‘विभागणी’ हा शब्द. ठाण्यातल्या क्लासांमधून हाच शब्द कानावर येतो आणि त्याच्या मागोमाग ‘निम्मं कर्ज, निम्मे शेअर’ हेही येतं. विभागणी म्हटली की काही प्रमाण ठरवून वाटे घातले असं वाटतं. इथे वाटे घालतच नाहीत. इंड-एएस ३२ हे लेखामानक सांगतं की आधी कर्जाची किंमत काढा, ती एकूण रकमेतून वजा करा, आणि उरेल ती इक्विटी. याला मराठीत पहिलीपासून शिकवलेला शब्द आहे : वजाबाकी.

हा शब्द जरा उलगडून बघा. ‘वजा’ आला अरबी ‘वज़अ’वरून, म्हणजे ठेवणे. फारसीत ‘वज़अ कर्दन’ म्हणजे रक्कम बाजूला काढणे, कापून घेणे. ‘बाकी’ही अरबीच, जे टिकलं, उरलं ते. बाजूला काढा आणि उरलेलं बघा, असा सगळा क्रम एका शब्दात बसला आहे. माझा तर्क असा की हे दोन शब्द दफ्तरातल्या हिशेबात ‘अमुक वजा, बाकी तमुक’ असे लागोपाठ येत असणार आणि त्यांतूनच क्रियेचं नाव जुळलं असणार. वाशीच्या बाजारातून शेतकऱ्याला मिळणारी पट्टी आजही तशीच असते : हमाली, तोलाई, भाडं वजा जाता जे राहील ते त्याचं. मानकातली इक्विटीची व्याख्याही हेच म्हणते : सगळी देणी वजा केल्यावर मालमत्तेत उरणारा हक्क.

परिभाषा घडवणारे इथे ‘व्यवकलन’ सुचवतात. शब्द जुना आहे, लीलावतीतला आहे, पण त्यात कमी करण्याची क्रिया तेवढी दिसते, उरलेलं दिसत नाही. आणि इथे सगळा मुद्दा उरलेल्याचाच आहे. तो शब्द मला मान्य नाही.

आता आकडे घ्या. कंपनीने १ कोटीचे रोखे काढले, मुदत ३ वर्षं, व्याज ७ टक्के, दर वर्षाअखेर. रूपांतराचा हक्क नसता तर याच कंपनीला बाजारात ११ टक्के द्यावे लागले असते. तीन वर्षांचं ७-७ लाख व्याज आणि शेवटी परत करायचं १ कोटी, हे सगळं ११ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणलं की ९०,२२,५१४ रुपये येतात. हे कर्ज. १ कोटीतून ते वजा, बाकी ९,७७,४८६. ही इक्विटी. हक्काची किंमत वेगळी काढायला कोणी बसत नाही.

पुढे कर्जावर ११ टक्क्यांनी व्याज लागतं. पहिल्या वर्षी खर्च ९,९२,४७७ रुपये, रोख दिले ७ लाख, फरकाचे २,९२,४७७ कर्जात मिळवायचे. तिसऱ्या वर्षाअखेर कर्ज बरोबर १ कोटीवर यायला हवं. नाही आलं तर दर किंवा तारखा कुठेतरी चुकल्या आहेत. इक्विटीचे ९,७७,४८६ मात्र जागचे हलत नाहीत. धारकाने रूपांतर केलं नाही तरी ते नफ्यात आणायचे नाहीत. फार तर इक्विटीतल्याच दुसऱ्या खात्यात जातील.

सगळी मदार त्या ११ टक्क्यांवर आहे. १० धरले तर इक्विटी ७,४६,०५६ वर उतरते. म्हणून ऑडिटर आधी दराचा आधार मागतो : तेवढीच पत आणि तेवढीच मुदत असलेल्या साध्या कर्जाचा.

‘विभागणी’ एके काळी अगदीच चूक नव्हती, हेही सांगतो. जुन्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयएएस ३२ मध्ये, दोन्ही भागांची किंमत स्वतंत्र काढून बेरीज जमावी म्हणून प्रमाणात वाटण्याची मुभा होती. २००३ च्या सुधारणेत ती गेली. जे जुन्या टिपणांवरून अजून ‘प्रमाणात’ शिकवतात ते रद्द झालेली रीत शिकवतात. प्रमाण आता उरलं आहे ते फक्त रोखे काढण्याच्या खर्चाला. तो खर्च दोन्ही घटकांवर त्यांच्या रकमेच्या प्रमाणात बसवतात. तिथे विभागणी खुशाल म्हणा.

आणि एका रोख्याचे किती समभाग हे आधी ठरलेलं नसेल, त्या दिवशीच्या बाजारभावावर सोडलं असेल, तर तो हक्क इक्विटीत बसतच नाही आणि ही वजाबाकीही मांडता येत नाही.