आधी ‘नेहमी’ आणि ‘मुद्दाम’ काढ

अगं,

सहकाऱ्याविरुद्धच्या तुझ्या तक्रारीचा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. पहिलीच ओळ आहे, ‘ते मला मीटिंगमध्ये नेहमी मुद्दाम बोलू देत नाहीत.’ राग समजतो मला, पण ही ओळ एचआरसमोर टिकायची नाही. तू दहा मिनिटं सलग बोललीस अशी एक मीटिंग ते शोधून काढतील आणि ‘नेहमी’ तिथेच पडेल. ‘मुद्दाम’ तर त्यांच्या मनातली गोष्ट, ती तुलाही दिसत नाही आणि मलाही. हे दोन शब्द गेले की जे घडलं ते उरतं. तक्रार त्याची करायची.

मी स्वतः एचआरमध्ये असताना विशेषणांनी भरलेली आणि एकही तारीख नसलेली पत्रं खूप वाचली. ती हातात घेऊन करणार काय? दोघांना बोलावून ‘जरा सांभाळून घ्या’ म्हणायचं, चहा मागवायचा. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

म्हणून आधी तीन आठवडे वही ठेव, आणि ‘बोलणं तोडलं’ कशाला म्हणायचं ते वहीच्या पहिल्या पानावर ठरवून टाक. ऑनलाइन कॉलवर आवाज उशिरा पोचतो, दोघं एकदम बोलायला लागतात, तो कुणाचाच दोष नाही. कुणी ‘हो, बरोबर’ म्हणत मध्ये आलं, तर तेही सोड. तुझं वाक्य अर्धवट राहिलं आणि बोलायची पाळी तुझ्याकडे परत आली नाही, एवढंच मोज. नोंद त्याच दिवशी कर, कारण आठवड्याने लिहिलेल्या नोंदीत राग मिसळतो. तू फोनवर सांगितलेला प्रसंग मी असा लिहिला असता:

‘१२ जून, सकाळी ११ची आढावा मीटिंग, सहा जण हजर. मी टेस्टिंगच्या वेळापत्रकाबद्दल सांगत होते. दुसऱ्या वाक्यात सहकारी बोलू लागले आणि चर्चा बजेटकडे गेली. टेस्टिंग दोन दिवस उशिरा सुरू होणार, हे सांगायचं राहिलं. दुपारी ४ वाजता मी ते मेलने कळवलं.’

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. तुला वाईट वाटलं हे खरंच आहे, पण माहिती टीमपर्यंत पाच तास उशिरा गेली हे मॅनेजरला नाकारता येत नाही, आणि तो मेल पुरावा म्हणून आपोआप तयार असतो. चोरून रेकॉर्डिंग मात्र करू नकोस. तसं केलंस तर चर्चा रेकॉर्डिंगवरच होईल. ऑफिसचे मेलही स्वतःच्या पत्त्यावर पाठवू नकोस.

ज्या मीटिंगमध्ये काही झालं नाही, त्याही लिही. ‘नऊपैकी पाच मीटिंगमध्ये असं झालं’ हे वाक्य ‘पाच वेळा झालं’ यापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं. ते इतरांनाही तोडतात का, हेही बघ. तोडत असतील तर प्रश्न तुझ्यापुरता नाही, मीटिंग चालवण्याच्या पद्धतीचा आहे, आणि तो सुटायला सोपा. त्या सहकाऱ्यांची नावं मात्र त्यांना विचारल्याशिवाय घालू नकोस.

मसुद्यात एक गोष्ट सापडली नाही: तुझं बोलणं तोडणाऱ्या सहकाऱ्याशी तू बोललीस का? नसशील तर एकदा बोल, अगदी साधं. ‘परवा माझा मुद्दा अर्धा राहिला, पुढच्या वेळी मला तो पूर्ण करू द्याल का?’ उत्तर काय आलं तेही तारखेसह लिही. एचआरचा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो. त्यांच्याशी बोलायची भीती वाटत असेल तर तेही तसंच सांग, ते लपवायचं कारण नाही.

शेवटी काय हवंय ते माग. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ असं लिहू नकोस, त्यातून कुणालाच काही कळत नाही. ‘आढावा मीटिंगमध्ये प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळावा, मॅनेजरने क्रम सांभाळावा आणि महिन्याने आपण पुन्हा बोलावं.’ इतकं पुरे. सगळं मिळून एका पानात बसव, नोंदी खाली जोड.

पाठवण्यापूर्वी ते पान त्यांच्या खुर्चीत बसून वाच. एचआर ते गुपित ठेवेल असं धरून चालू नकोस, चौकशीत मजकूर त्यांच्यासमोर जाऊ शकतो. ‘हे असं झालं नव्हतं’ असं ते ज्या वाक्याला म्हणू शकतील, ते दुरुस्त कर.

आणि एक, तुझ्या बाबतीत नसेलही. बोलणं तोडताना लैंगिक शेरे येत असतील, तर हा रस्ता सोड. त्यासाठी २०१३चा कायदा आहे, तक्रार अंतर्गत समितीकडे लेखी जाते आणि साधारणपणे शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत करावी लागते. नुसतं मध्ये बोलणं त्यात बसत नाही, ओढूनताणून बसवूही नकोस.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव. तक्रार दिल्यावरही वही बंद करू नकोस. पुढच्या आढाव्यात त्यांनी तुला पूर्ण बोलू दिलं, तर तीही तारीख लिही.

तुझी,
ताई